बढती झाली, अर्ज मात्र कायम

भोर-वेल्ह्याकडची आमची निम्मी तरुण मंडळी पुण्याच्या पलीकडे, चाकण-भोसरीला खोल्या करून राहतात. उरलेल्यांतली बरीचशी रोज शिरवळ-खेड शिवापूरच्या कारखान्यांत जातात. मी पहिल्यांतला. नऊ वर्षं भोसरीत खोलीवर काढली, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात. गाडीचे सुटे भाग बनतात, ते मापात आहेत की नाहीत हे बघायचं आणि ग्राहक कंपनीची तक्रार आली की तिचं मूळ शोधायचं, हे माझं काम. अब्बा-अम्मी भोरला. अब्बांना गेल्या वर्षी पॅरालिसिसचा हलका झटका येऊन गेला, तेव्हापासून शनिवारी संध्याकाळी भोसरीहून स्वारगेट, स्वारगेटहून एसटीने भोर आणि सोमवारी पहाटे उलटं, हा क्रम. कात्रजला आणि खेड शिवापूरच्या टोलला अडकलं की एका बाजूला साडेतीन तास.

म्हणून फेब्रुवारीअखेर शिरवळजवळच्या एका मोठ्या कारखान्यात अर्ज टाकला. भोरहून साधारण पंधरा किलोमीटर. मार्चमध्ये त्यांच्या एचआरच्या मॅडमचा फोन आला, प्राथमिक बोलणं झालं, त्यांनी एक फॉर्म पाठवला. सध्याचा हुद्दा, सध्याचा वार्षिक पगार, अपेक्षा, नोटीस पीरियड. मी भरलं: सीनियर इंजिनिअर, 7.20 लाख, अपेक्षा 9 लाख, नोटीस 30 दिवस. तळाशी नेहमीचं वाक्य, की वरील माहिती खरी आहे आणि खोटी आढळल्यास नेमणूक रद्द होऊ शकते. 11 एप्रिलला प्लांटमध्ये मुलाखत झाली. चांगली झाली. शेवटची पगाराची बोलणी तेवढी राहिली.

आणि 24 एप्रिलला, शुक्रवारी, जुम्म्याहून परत येतो तर आमच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून बढतीचं पत्र हातात ठेवलं. असिस्टंट मॅनेजर, 1 एप्रिलपासून लागू.

पत्र घ्यावं की नाही, हा प्रश्न मला फार वेळ पडला नाही, पण अनेकांना पडतो म्हणून लिहितो. हातात ऑफर लेटर नव्हतं. चांगली झालेली मुलाखत म्हणजे ऑफर नव्हे. आमच्याकडे अशा मुलाखतीनंतर जागाच गोठवल्याची उदाहरणं ढीगभर आहेत. बढती मागच्या दोन वर्षांच्या कामाची होती. सही करण्याआधी मी फक्त एवढंच बघितलं, की पत्रात काही बंधन घातलंय का. काही कंपन्या बढतीसोबत एक-दोन वर्षं न सोडण्याचा बाँड घेतात, किंवा एखादा बोनस देतात आणि वर्षाच्या आत सोडलं तर तो परत मागतात. तसं काही नव्हतं. होतं ते दुसऱ्या पानावर, एका ओळीत: या श्रेणीला लागू असलेला 60 दिवसांचा नोटीस पीरियड आपल्याला लागू राहील.

म्हणजे मार्चमध्ये मी भरलेल्या फॉर्ममधल्या तीन गोष्टी एका दुपारी बदलल्या. हुद्दा, पगार आणि नोटीस. मार्चमध्ये खरं होतं ते आता खरं राहिलं नव्हतं.

रविवारी वेल्ह्याला मामूंकडे गेलो होतो. सरकारी कागदावर तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या घरात वेल्हेच. मामेभाऊ तिथेच दुकान बघतो आणि त्याआधी चार वर्षं नोकरी करून आलाय. तो म्हणाला, "आत्ताच काही बोलू नकोस. ऑफर हातात येऊ दे, मग सांग. आत्ता सांगितलंस तर त्यांना वाटेल, याला इथंच राहायचंय." हा सल्ला आपल्याकडे सगळेच देतात, आणि वरवर बघता माझी कागदपत्रंही त्याच्या बाजूने होती. महिन्याचा पगार आमच्याकडे वीस तारखेला बंद होतो. पत्र चोवीसला आलं. त्यामुळे एप्रिलची पगारपावती जुन्याच आकड्याची निघणार होती. एप्रिलचा फरक मेच्या पावतीत 'एरिअर्स' म्हणून येणार. मॅडमनी शेवटच्या तीन पावत्या मागितल्या असत्या, तर फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, तिन्ही जुन्या. कुणाला काही कळलं नसतं.

कळलं असतं ते नंतर. राजीनामा दिल्याच्या दिवशीच 30 चे 60 दिवस झालेले उघड होणार होते. लेखी 30 दिवस सांगितलेत, त्यावरून त्यांनी रुजू होण्याची तारीख ठरवली असती, आणि मग मी महिनाभर उशीर मागायचा. शिवाय रुजू होताना रिलिव्हिंग लेटर द्यावं लागतं, त्यावर शेवटचा हुद्दा असतो. पडताळणी करणारी एजन्सी जुन्या कंपनीच्या एचआरला हुद्दा, तारखा, कधीकधी शेवटचा पगारही विचारते. फॉर्मवर सीनियर इंजिनिअर आणि पत्रावर असिस्टंट मॅनेजर, म्हणजे तफावत. बढती लपवली म्हणून कुणी चोर ठरत नाही हे खरं, पण पडताळणीच्या अहवालात तफावत ही तफावतच असते. ती चांगल्या दिशेची आहे की वाईट, याचा रकाना तिथं नसतो. तेव्हा मी जुनी नोकरी सोडलेली असणार.

आणखी एक कारण होतं, जे एचआरमध्ये काम केलेल्या एका मित्राने मला समजावलं. मुलाखतीनंतर मॅडम एक तक्ता बनवतात: उमेदवाराचा सध्याचा पगार, त्याची अपेक्षा, त्यांच्याकडे त्याच जागेवर असलेल्या इतरांचे पगार. त्यावरून एक आकडा ठरतो आणि तो वर मंजुरीला जातो, प्लांट हेड, मग हेड ऑफिस. मंजुरी येण्याआधी तक्त्यातला आकडा बदलणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. मंजुरी आल्यावर बदलायचा तर सगळी फाइल पुन्हा फिरते, आणि ती फिरवताना मॅडमना वरच्यांना सांगावं लागतं की उमेदवाराने आता नवीन माहिती दिली. त्यांची स्वतःची पत जाते. मित्राचं म्हणणं, ऑफर आल्यावर सांगितलेली बढती सौद्यासारखी ऐकू येते, ऑफरआधी सांगितलेली बातमीसारखी.

तर सांगायचं ठरलं, आणि सोमवारीच. पण त्याआधी रविवारी रात्री बसून मी आकडे मांडले, कारण फोनवर पहिला प्रश्न 'मग आता तुमची अपेक्षा किती?' हाच येणार, आणि तिथं 'सांगतो विचार करून' म्हटलं की आपण भाव बघतोय असंच वाटतं.

जुना 7.20 म्हणजे 6.90 ठरलेला आणि 30 हजार कामगिरीवर वर्षातून एकदा मिळणारा. नवा पगार पत्रावर 8.30. पण त्यात ठरलेला 7.70, आणि कामगिरीवरचा 60 हजार. हा 60 हजार पुढच्या वर्षीच्या रेटिंगवर, पूर्ण मिळेलच असं नाही. म्हणजे कागदावर वाढ 1 लाख 10 हजार, आणि महिन्याच्या पगारात धरता येईल अशी 80 हजार. नुसतं 8.30 सांगितलं असतं, तर मी माझा आकडा फुगवून सांगितल्यासारखं झालं असतं, आणि पावती बघणाऱ्याला ते लगेच दिसतं.

आता माझी जुनी अपेक्षा 9 लाख. 7.20 वर ती पंचवीस टक्के वाढ होती, 8.30 वर जेमतेम साडेआठ टक्के. सरळ हिशोबाने मी पुन्हा पंचवीस टक्के मागितले असते तर आकडा 10.37 लाखांवर गेला असता. तो त्या जागेच्या मर्यादेत बसत नाही, हे मला मुलाखतीतल्या बोलण्यावरून कळलं होतं. तेव्हा टक्केवारी सोडून दिली आणि घराकडे बघितलं. भोसरीत खोलीतला माझा वाटा 6,500, मेस 3,800, जाण्यायेण्याचे नि फुटकळ 1,700. महिन्याला 12 हजार. भोरहून शिरवळला दुचाकीने रोज तीसेक किलोमीटर, पेट्रोलला फार तर 2 हजार. महिन्याला 10 हजार, वर्षाला 1 लाख 20 हजार वाचतात, आणि हे कर भरून झालेले, हातातले पैसे. म्हणजे तिकडे 9 लाख मिळाले तरी मी तोट्यात नव्हतो. ठरवलं: मागायचे 9.40, त्यात ठरलेला भाग किमान 8.60. मनातली शेवटची रेघ 9.

पण पगारापेक्षा अवघड गोष्ट हुद्द्याची होती, आणि ती मला अब्बांमुळे आधी लक्षात आली. शनिवारी बढतीची बातमी सांगितल्यावर त्यांनी बाजूच्या घरात, मशिदीत, मेडिकलवाल्याला, सगळीकडे सांगून टाकलं की पोरगा मॅनेजर झाला. मग मी म्हटलं, "अब्बा, शिरवळला जागा सीनियर इंजिनिअरची आहे." ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग खाली उतरतोस व्हय?"

हाच प्रश्न मॅडम विचारणार होत्या. अर्ज केला तेव्हा जागा माझ्या हुद्द्याच्या बरोबरीची होती. आता एक पायरी खालची दिसत होती. रिक्रूटरच्या दृष्टीने ही धोक्याची खूण असते, कारण असा माणूस सहा महिन्यांत 'माझा हुद्दा गेला' म्हणून कुरकुरतो किंवा निघून जातो. अब्बांना मी जे सांगितलं तेच पुढे मॅडमना सांगितलं. आमच्या कारखान्यात असिस्टंट मॅनेजर म्हणजे माझ्या हाताखाली दोन इन्स्पेक्टर आणि एकाच ग्राहकाचं काम. तिकडे सीनियर इंजिनिअरकडे एक अख्खी लाइन, तीन पाळ्यांत मिळून आठ माणसं आणि तीन ग्राहक. हुद्द्याचं नाव कारखान्याच्या आकारावर ठरतं. मामूंच्या दुकानात मामेभाऊ मालक आहे, आणि मोठ्या मॉलमधला सुपरवायझर नोकर, तरी रोजचा माल कुणाच्या हातून जास्त जातो ते बघा. अब्बांना हे उदाहरण पटलं. मामेभावाला सांगितलेलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत जोहर आटोपून पार्किंगमध्ये गेलो आणि फोन केला. आधी फोन, मग मेल, हा क्रम मी मुद्दाम ठेवला. नुसता मेल गेला असता तर वाचणाऱ्याने त्यात आपापला सूर घातला असता. फोनवर आवाज कळतो.

"मॅडम, मार्चमध्ये फॉर्म भरला त्यातल्या तीन गोष्टी शुक्रवारपासून बदलल्यात, त्या तुम्हाला आधी सांगायच्या होत्या. मला इथं बढती मिळाली. पगार आणि नोटीस दोन्ही बदललेत. अर्ज मात्र तसाच आहे, मला तिकडेच यायचंय."

त्यांनी अभिनंदन केलं आणि लगेच विचारलं, "मग आता का यायचंय तुम्हाला?" आवाज किंचित थंड झाला होता. इथं बरेच जण 'मला तुमच्या कंपनीबद्दल खूप आदर आहे' वगैरे सुरू करतात. मी म्हटलं, "बढतीनं माझा हुद्दा बदलला, कारखान्याची जागा बदलली नाही. घर भोरला आहे, आईवडील तिथं आहेत, आणि मला नऊ वर्षांनी घरून कामाला जायचंय. दुसरं, तुमच्याकडे कास्टिंगपासून मशिनिंगपर्यंत सगळं एका छताखाली आहे. आमच्याकडे फक्त मशिनिंग. तक्रारीचं मूळ कास्टिंगमध्ये निघालं की आमचं काम थांबतं. ते मला शिकायचंय, आणि ते इथं मॅनेजर होऊनही मिळणार नाही."

अब्बांच्या आजारपणाचं मी सांगितलं नाही. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, पण ते ऐकलं की समोरच्याला पुढच्या रजा दिसायला लागतात. घर भोरला आहे एवढं पुरेसं होतं, आणि ते तर अर्जावरच्या पत्त्यातच होतं.

मग त्यांनी हुद्द्याचं विचारलं, मग पगाराचं. दोन्ही उत्तरं तयार होती. 9.40 ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "बघते, पण अवघड आहे." मी म्हटलं, "बघा. आकड्यासाठी मी इतर कुठं बोलत नाहीये, आणि तुमची ऑफर दाखवून इथं वाढ मागणार नाहीये." हे वाक्य मी आधीच ठरवून ठेवलं होतं. बढती मिळालेल्या उमेदवाराबद्दल रिक्रूटरला जी मोठी भीती असते ती ही, की आपण महिनाभर मेहनत करून ऑफर काढायची आणि हा ती घेऊन जुन्या साहेबांसमोर ठेवणार. तोंडाने कुणी विचारत नाही. आपणच बोललेलं बरं, अर्थात ते खरं असेल तरच.

त्याच संध्याकाळी मेल पाठवला. तो इंग्रजीत होता. मराठीत सांगायचा तर असा:

'आज दुपारी फोनवर बोलल्याप्रमाणे, माझ्या अर्जातल्या माहितीत झालेले बदल कळवत आहे. 1 एप्रिलपासून माझा हुद्दा असिस्टंट मॅनेजर. पत्र 24 एप्रिलला मिळालं. वार्षिक पगार 8.30 लाख, पैकी ठरलेला 7.70 आणि कामगिरीवर 0.60. एप्रिलची पावती जुन्या पगाराची असेल. फरक मेच्या पावतीत दिसेल. नोटीस 30 ऐवजी 60 दिवस. सीनियर इंजिनिअर या जागेसाठी माझा अर्ज कायम आहे आणि पुढच्या फेरीसाठी मी या आठवड्यात कोणत्याही दिवशी चार वाजल्यानंतर मोकळा आहे. फॉर्म नव्याने भरून पाठवू का? बढतीच्या पत्राची प्रत हवी असल्यास कळवावं.'

एवढंच. 'उत्सुक' हा शब्द त्यात नाही. चार वाजल्यानंतर मोकळा आहे, या ओळीतून ते कळतं. पत्राची प्रत मी मागितल्याशिवाय जोडली नाही, कारण त्यात आमच्या कंपनीच्या श्रेणींची माहिती असते. नंतर त्यांनी मागितली तेव्हा पगाराचं पान आणि नोटिशीची ओळ एवढंच दिलं. आणि लिंक्डइनवर नवा हुद्दा टाकायचा थांबवला. आमच्या साहेबांनी विभागाच्या ग्रुपवर फोटो टाकलाच होता, पण तो ग्रुप आतला. रिक्रूटर उमेदवाराचं पान बघतच असतो. फोनआधी त्याला ते तिथं दिसलं, तर फोनची सगळी किंमत गेली.

दुसऱ्या दिवशी नवा फॉर्म आला. ही चांगली खूण. गप्पा आटोपून 'कळवते' म्हणाल्या आणि फॉर्मच आला नाही, तर समजायचं की नाव बाजूला ठेवलंय. भोरच्याच एका मित्राचं तसं झालं होतं. त्यानेही बढती वेळेवर सांगितली, पण 'आता तुम्ही काय देऊ शकाल ते सांगा' अशी. त्यानंतर तिकडून तीन आठवडे शब्द नाही, आणि मग जागा भरल्याचा मेल.

माझं अडलं ते नोटिशीवर. त्यांना नवी लाइन पावसाळ्यात सुरू करायची होती, 60 दिवस जास्त होत होते. मॅडमनी विचारलं, पंधरा-वीस दिवस कमी करता येतील का? नोटिशीचे उरलेले दिवस पगार भरून सोडवता येतात, पण ती सोय कंपनीच्या मर्जीवर असते आणि आमच्याकडे पुढचा माणूस तयार नव्हता. रजा नोटिशीत धरत नाहीत. मी सांगितलं, 60 धरूनच तारीख ठरवा, लवकर सोडलं तर लवकर येतो. या बोलण्यात आठवडा गेला, आणि त्या आठवड्यात मला खरंच वाटलं की गेलं हे. अम्मी रोज फोनवर म्हणायची, "नसीबात असेल तर येईल. तू जेवलास का?"

13 मेला ऑफर आली. 9.20 लाख, ठरलेला 8.75, हुद्दा सीनियर इंजिनिअर. मी मागितले त्यापेक्षा वीस हजार कमी, पण ठरलेला भाग मागितल्यापेक्षा पंधरा हजार जास्त, म्हणजे महिन्याच्या हिशोबाने मी पुढेच. 15 मेला राजीनामा दिला. साहेब नाराज झाले. बढतीसाठी त्यांनी माझं नाव लावून धरलं होतं. त्यांनी विचारलं, "किती देतायत? आपण बघू." मी आकडा सांगितला नाही, भोरचं सांगितलं. ते स्वतः सांगलीचे आहेत, आईवडील तिकडे. थोडा वेळ बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "नवा माणूस तयार करून जा."

तेच चाललंय. 60 पैकी 38 दिवस उरलेत. अब्बांनी मशिदीत अजून हुद्दा दुरुस्त केलेला नाही.